कार्डाच्या बिलाच्या फोटोवरून व्याज, मिनिमम ड्यू आणि फी कशी तपासायची: एक बिल पूर्ण सोडवून

प्रश्न: "बिलाचा कागदच आहे, पीडीएफ नाही, म्हणून फोटो काढून वाचतोय. मागचं बिल 40,000 होतं, त्यातले 30,000 ड्यू डेटच्या आधी भरले, राहिले 10,000. महिना साडेतीन टक्क्याने 350 व्याज व्हायला हवं, पण फोटोत 2,024 की 2,824 असं काहीतरी दिसतंय, मधला आकडा पुसट आहे. मिनिमम ड्यू 5 टक्के म्हणतात, म्हणजे 1,250 च्या आसपास हवा, तिथे 3,640 छापलंय. वर 105 ची कसली तरी फी. मी चुकीचं वाचतोय की बँक चुकतेय?"

थोडक्यात सांगायचं तर व्याज 2,024.05 आहे, बँकेचा हिशेब तिच्या अटींप्रमाणे बरोबर दिसतोय, आणि 350 चा अंदाज चुकला कारण व्याज फक्त राहिलेल्या 10,000 वर लागतं असं तुम्ही धरलंत. मी सोळा वर्षं कार्डाच्या बिलांच्या तक्रारी बघण्याचं काम केलं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींच्या मुळाशी हीच एक समजूत असायची. पण तुमच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. फोटोत आकडा नेमका काय आहे हा एक, आणि तो आकडा बरोबर आहे का हा दुसरा. हे दोन्ही एकदम सोडवायला गेलं की माणूस गोल गोल फिरतो, म्हणून आधी वाचन पक्कं करू, मग व्याजाकडे जाऊ.

फोटोतला पुसट आकडा डोळे बारीक करून किंवा झूम करून ओळखायला जाऊ नका. झूम केल्यावर 0 आणि 8, 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि 6 हे उलट जास्तच सारखे दिसायला लागतात, आणि आपल्याला जो आकडा हवा असतो तोच दिसतो. बिलाच्या पानाची चांगली गोष्ट ही की त्यावरचे आकडे एकमेकांना बांधलेले असतात. मागची बाकी, वजा भरणा, अधिक नवीन खरेदी, अधिक फी, अधिक व्याज, अधिक टॅक्स, बरोबर एकूण देय. यातला एकच आकडा वाचता येत नसेल तर बाकीच्यांवरून तो निघतो, अंदाज करावाच लागत नाही.

तुमच्या पानावर मागची बाकी 40,000, भरणा 30,000, नवीन खरेदी 9,000 आणि 3,500, फी 105, टॅक्स 383.23 आणि एकूण देय 25,012.28 हे सगळं तुम्ही स्पष्ट वाचलंय. मग 40,000 मधून 30,000 गेले, 12,500 आले, म्हणजे 22,500. त्यात 105 आणि 383.23 मिळवले की 22,988.23. एकूण 25,012.28 व्हायला कमी पडतात 2,024.05. म्हणजे तो पुसट आकडा 0 आहे. 8 असता तर एकूण 25,812.28 छापलं गेलं असतं.

एकूणचा आकडाही पुसट असता तरी हरकत नव्हती, कारण टॅक्सची ओळ आहे. तुमच्या पानावर टॅक्स 18 टक्के लिहिलाय आणि तो खरेदीवर नाही, फक्त व्याज आणि फीवर लागतो. 383.23 ला 0.18 ने भागा, 2,129.06 येतात, त्यातून 105 ची फी वजा केली की 2,024.06. शेवटच्या घरातला एकचा फरक राउंडिंगचा आहे, तो सोडून द्या. व्याज 2,824.05 असतं तर टॅक्स 527.23 झाला असता. मी स्वतः कुठलंही बिल हातात आलं की पहिल्यांदा टॅक्सच्या ओळीकडे बघते, कारण तिथे लोकांचं लक्ष जात नाही पण व्याज आणि फी दोन्हीची साक्ष तीच एक ओळ देते.

आता बेरीज जुळलीच नाही तर काय करायचं, कारण तसंही होतं. फरक किती येतोय ते बघा, फरकच सांगतो चूक कुठे आहे ते. फरक 5, 50, 500, 5,000 असा आला तर बहुतेक कुठेतरी 3 चा 8 वाचला गेलाय. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन आकडे अदलाबदल झालेत, 2,540 च्या जागी 2,450 टाइप केलं असं काहीतरी, हे वाचताना नाही तर कॅल्क्युलेटरवर घालताना जास्त होतं. आणि फरक एखाद्या रकमेच्या बरोबर दुप्पट आला तर ती रक्कम जमेची असून आपण नावे धरलीय. हा शेवटचा प्रकार फोटोत फार होतो. जमेच्या रकमेपुढे बारीक अक्षरात सीआर छापलेलं असतं, ते पानाच्या अगदी उजव्या कडेला असतं आणि फोटोत नेमकी तीच कड कापली जाते. तुमचे भरलेले 30,000 किंवा एखादा रिफंड त्यामुळे खर्च वाटायला लागतो.

एक केस माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. एका गृहस्थांनी फोनवर काढलेला फोटो जोडून तक्रार केली होती की 8,150 दंड लावलाय. कागद चार घड्या घालून पाकिटात आलेला, आणि घडीची रेघ बरोबर पहिल्या आकड्यावरून गेली होती. बेरीज करून बघितली तर फरक बरोबर 5,000. म्हणजे आकडा 3,150 होता, आणि तोही दंड नव्हता, वर्षाची फी होती. पण तक्रारीत 8,150 लिहिल्यामुळे समोरच्या विभागाने "अशी नोंद आमच्याकडे नाही" असं एका ओळीत उत्तर देऊन फाइल बंद केली, आणि ती वार्षिक फी माफ व्हायला हवी होती हा त्यांचा खरा मुद्दा तसाच राहिला. मला त्याचं खूप वाईट वाटलं होतं, कारण माणूस बरोबर होता आणि आकडा चुकला होता. म्हणून तक्रार करण्याआधी बेरीज जुळवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

फोटो पुन्हा काढणार असाल तर कागद टेबलावर सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको कारण चकचकीत कागदावर मधोमध पांढरा डाग पडतो, आणि चारही कोपरे फ्रेममध्ये घ्या. खाली "4 पैकी पान 1" असं जे लिहिलेलं असतं ते आलंच पाहिजे. पहिल्या पानावर फक्त सारांश असतो, तारखा पुढच्या पानांवर असतात, आणि तारखांशिवाय व्याज तपासता येत नाही. कोणाला पाठवणार असाल तर कार्ड नंबर, पत्ता आणि असेल तर क्यूआर कोड झाका, पण तारखा आणि रकमा झाकू नका. लोक नको ते झाकतात आणि मग काहीच सांगता येत नाही.

चला, आता व्याज. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

कार्डावर जो बिनव्याजी काळ मिळतो तो अटीवर मिळतो, आणि अट अशी की बिलाची पूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत भरायची. पूर्ण भरली नाही, मग 10,000 राहो की 100, तर बऱ्याच कार्डांच्या अटींप्रमाणे त्या बिलातल्या सगळ्या खरेदीची बिनव्याजी सवलत जाते आणि व्याज ड्यू डेटपासून नाही तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून लागतं. भरलेले 30,000 सुद्धा भरायच्या दिवसापर्यंत तुम्ही वापरले म्हणून त्यांच्यावरही त्या दिवसापर्यंतचं व्याज येतं. त्यात भर म्हणजे या महिन्यात जी नवी खरेदी केलीत तिलाही सवलत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज.

लोक म्हणतात मग मागच्या बिलात ते व्याज का नव्हतं. कारण ते बिल 10 मार्चला छापलं तेव्हा तुम्ही पूर्ण भरणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. भरले असते तर व्याज शून्य. नाही भरले, म्हणून फेब्रुवारीतल्या दिवसांचं व्याजसुद्धा एप्रिलच्या बिलात येऊन बसलं. म्हणून 31 दिवसांच्या बिलात 55 दिवसांचं व्याज दिसतं आणि माणूस दचकतो.

तुम्ही दिलेल्या तारखांवरून मांडते. मागच्या बिलातले 40,000 म्हणजे 15 फेब्रुवारीची 24,000 ची खरेदी आणि 2 मार्चची 16,000 ची. बिल 10 मार्चचं, ड्यू डेट 30 मार्च. 20 मार्चला 9,000 ची नवी खरेदी, 28 मार्चला 30,000 भरले, 5 एप्रिलला 3,500 ची खरेदी, आणि 10 एप्रिलला हे बिल बनलं. फेब्रुवारी 28 दिवसांचा धरलाय. आता प्रत्येक टप्प्यात बाकी किती होती आणि ती किती दिवस राहिली एवढंच लिहायचं, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. पुढची घडामोड ज्या दिवशी झाली तो दिवस पुढच्या टप्प्यात मोजायचा, नाहीतर एक दिवस दोनदा येतो.

```
15 फेब्रु. ते 1 मार्च     24,000 × 15 =  3,60,000
2 मार्च ते 19 मार्च       40,000 × 18 =  7,20,000
20 मार्च ते 27 मार्च      49,000 × 8  =  3,92,000
28 मार्च ते 4 एप्रिल      19,000 × 8  =  1,52,000
5 एप्रिल ते 10 एप्रिल     22,500 × 6  =  1,35,000
एकूण                      55 दिवस     = 17,59,000

17,59,000 × 0.42 ÷ 365 = 2,024.05
```

महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के, ते 0.42. बँकेने छापलेला आकडा आणि हा, शेवटच्या घरापर्यंत जुळला. इतकं तंतोतंत दरवेळी जुळेलच असं नाही, आणि न जुळण्याची दोन साधी कारणं मला सारखी भेटतात, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

पहिलं कारण म्हणजे दिवस मोजायची पद्धत. काही ठिकाणी वर्षाचा दर 365 ने भागतात, काही ठिकाणी महिन्याचा दर 30 ने. तुमच्याच बिलात 17,59,000 ला 0.035 ने गुणून 30 ने भागलं तर 2,052.17 येतात, म्हणजे 28 चा फरक. दुसरं कारण तारीख. खरेदी केली तो दिवस वेगळा आणि बँकेच्या खात्यात ती नोंदली गेली तो दिवस वेगळा, मध्ये एक-दोन दिवस जातात. व्याज कुठल्या तारखेपासून हे अटींच्या पानावर लिहिलेलं असतं. 24,000 ची खरेदी 17 फेब्रुवारीला नोंदली गेली असती आणि तुमच्या कार्डावर नोंदीची तारीख धरत असते तर दोन दिवसांचं, म्हणजे 55.23 व्याज कमी झालं असतं. तेव्हा तुमचा हिशेब आणि बिल यात 20-60 चा फरक आला तर लगेच चोरी समजू नका, आधी या दोन गोष्टी बदलून बघा. पण फरक 500-700 चा असेल आणि कुठल्याच पद्धतीने जुळत नसेल तर मात्र सोडू नका. तेव्हा बहुतेक वेळा भरण्याची तारीख चुकीची धरलेली असते. समजा तुमचे 30,000 बँकेने 28 मार्चऐवजी 3 एप्रिलला जमा दाखवले असते, तर सहा दिवसांचं 207 व्याज नुसतं त्यावर वाढलं असतं, आणि ड्यू डेट उलटली म्हणून लेट फीचा विषय वेगळाच निघाला असता. भरल्याची पावती असते ती म्हणून जपून ठेवायची.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी की हे सगळं तुम्ही कुठल्या देशातलं कार्ड वापरता आणि त्याच्या अटी काय यावर ठरतं. अमेरिकेत 2009 च्या कार्ड कायद्यानंतर ड्यू डेटच्या आत भरलेल्या भागावर असं मागे जाऊन व्याज लावता येत नाही, तिथे तुमचे 30,000 सुटले असते. भारतात तसं नाही, अर्धवट भरलं की सवलत जाते हे बहुतेक कार्डांच्या अटींत असतं. पण रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे न भरलेली फी, दंड, टॅक्स हे मुद्दलात मिसळून त्यांच्यावर व्याज चढवता येत नाही. तुम्ही 18 टक्के टॅक्स म्हणालात म्हणजे कार्ड भारतातलं असणार असं धरून मी पुढे जातेय.

मिनिमम ड्यूकडे येऊ. "5 टक्के" हे अर्धवट ऐकलेलं वाक्य आहे. 5 टक्के कशाचे, हा प्रश्न आहे. एकूण 25,012.28 चे 5 टक्के धरले तर 1,250.61 होतात, तुमचा अंदाज तोच. पण व्याज 2,024.05, फी 105 आणि टॅक्स 383.23 मिळून 2,512.28 झाले आहेत. 1,250 भरले असते तर या 2,512.28 मधला निम्मा भागही फिटला नसता आणि काहीही खरेदी न करता देणं वाढत गेलं असतं. असं होऊ नये म्हणूनच त्याच 2022 च्या निर्देशांत सांगितलंय की मिनिमम भरणाऱ्याचं देणं उलट वाढत जाईल असा मिनिमम ठरवायचा नाही. म्हणून व्याज, फी आणि टॅक्स पूर्ण घेतात आणि वर मुद्दलाचे 5 टक्के. तुमचं मुद्दल 22,500, त्याचे 5 टक्के 1,125. 2,512.28 मध्ये मिळवले की 3,637.28, आणि ते वरच्या दहावर नेलं की 3,640. बरोबर जुळतंय.

हे उलट दिशेनेही वापरता येतं. फोटोत व्याजाची ओळच आली नसेल पण मिनिमम दिसत असेल, तर मिनिमममधून मुद्दलाचे 5 टक्के वजा करा, उरतात ते साधारण व्याज, फी आणि टॅक्स. राउंडिंगमुळे पाच-दहाचा फरक पडेल, पण व्याज 300 आहे की 2,000 एवढं तरी कळतं. फक्त हप्त्यावर घेतलेली काही खरेदी असेल तर त्या महिन्याचा पूर्ण हप्ता मिनिमममध्ये घालतात, लिमिटच्या वर गेलेली रक्कम असेल तर तीही पूर्ण, आणि मागच्या महिन्याचा मिनिमम थकला असेल तर तोही. मिनिमम अचानक दहा हजारांनी उडाला की आधी हे तीन बघायचे.

आता एक आकडा लक्ष देऊन बघा. समजा तुम्ही 30 एप्रिलला, ड्यू डेटच्या दिवशी, फक्त हे 3,640 भरले आणि कार्ड अजिबात वापरलं नाही. त्यातले 2,512.28 व्याज, फी, टॅक्समध्ये जातील, मुद्दल कमी होईल 1,127.72 ने. पण 10 मे च्या बिलात नवं व्याज येईल 762.44 आणि त्यावर टॅक्स 137.24, मिळून सुमारे 900. म्हणजे 3,640 खिशातून गेले आणि मुद्दलाचं देणं खऱ्या अर्थाने 228 ने हललं. मिनिमम भरून लेट फी वाचते आणि खातं थकलेलं दिसत नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज थांबवायचं काम तो करत नाही, आणि बिलावर मात्र तो एकूण देयाच्या शेजारी तितक्याच ठळक अक्षरात छापलेला असतो याचा मला अजून राग येतो.

फीचं तुमच्या बाबतीत सोपं आहे. 105 म्हणजे 3,500 चे 3 टक्के. 5 एप्रिलची ती खरेदी परदेशी चलनात झाली असं तुम्ही लिहिलंय, त्यावरचा हा मार्कअप आहे. दुकानाला किंवा साइटला जेवढे द्यायचे ते वेगळे आणि चलन बदलल्याबद्दल कार्डवाल्याचे हे वेगळे. अनोळखी फी दिसली की मी आधी ती महिन्यातल्या एखाद्या व्यवहाराची टक्केवारी आहे का ते बघते. 1, 2, 2.5, 3, 3.5 टक्के लावून बघायचे. गोल आकडा असेल, 500 किंवा 1,000 असा, तर ती बहुतेक वार्षिक किंवा लेट फी. आणि रोख रक्कम काढली असेल तर त्याची फी वेगळी लागते आणि त्या रकमेवर व्याज काढल्या दिवसापासून, बिल पूर्ण भरलंत तरी.

लेट फी तुमच्या बिलात नाही आणि असायलाही नको, कारण 28 मार्चला तुम्ही मिनिममपेक्षा कितीतरी जास्त भरलं होतं. भारतात ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, तेव्हा पुढेमागे कधी एखाद-दोन दिवस उशीर झाला आणि तरी लेट फी दिसली तर तारखा देऊन हरकत घ्या. पण हे तीन दिवस फक्त लेट फीपुरते. पूर्ण रक्कम ड्यू डेटला आली नाही तर व्याज त्या तीन दिवसांसाठी थांबत नाही.

तुम्हाला बँकेत फोन करायचाच असेल तर "व्याज जास्त लावलंय" असं म्हणू नका, त्यावर अटींचं पान वाचून दाखवतात आणि फोन संपतो. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजता की नोंदीच्या, भाग 365 ने देता की महिन्याच्या दराने, आणि माझे 30,000 कुठल्या तारखेला जमा धरलेत. तिन्ही उत्तरं मिळाली की वरचा तक्ता तुमचा तुम्हाला करता येतो. पहिल्यांदाच असं झालं असेल तर व्याजातला काही भाग सोडण्याची विनंती करून बघायला हरकत नाही, माझ्या अनुभवात जुन्या, वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाला काही वेळा देतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे, हक्क नाही.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या महिन्यात नक्की विचाराल. समजा तुम्ही 30 एप्रिलला पूर्ण 25,012.28 भरून टाकले. 10 मे च्या बिलात तरीही साधारण 492 व्याज आणि त्यावर 89 टॅक्स दिसेल. ते 11 ते 29 एप्रिल या 19 दिवसांचं 22,500 वरचं व्याज आहे, बिल छापल्यानंतर आणि तुम्ही भरायच्या आधीच्या दिवसांचं. ती चूक नाही. कमी करायचं असेल तर ड्यू डेटची वाट न बघता भरा. 12 एप्रिलला भरलेत तर 11 तारखेचा एकच दिवस उरतो, त्याचे 26 होतात. आणि हे पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डावर काही खरेदी करू नका, कारण तोवर घेतलेल्या प्रत्येक गोष्टीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू आहे. मे च्या बिलाचा फोटो काढाल तेव्हा उजवी कड नीट येऊ द्या, तुमचा 25,012.28 चा भरणा आणि त्यापुढचं सीआर तिथेच असेल.